‘गोल लाल चट्टे’ नीट लिहिताना: प्रकल्प नोंदी

३ जून

कामाला सुरुवात केली. सामान्य ओपीडीतून त्वचा विभागाकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमधलं वर्णन प्रमाण संज्ञा वापरून, दर वेळी एकाच क्रमाने, पुन्हा लिहायचं आहे. पहिल्या खेपेला ६० चिठ्ठ्या आहेत. नावांच्या जागी क्रमांक घातले आहेत. त्वचा विभागातल्या मॅडमची एकच अट आहे: मूळ मजकूर खोडायचा नाही. डावीकडे मूळ आणि उजवीकडे नवं, म्हणजे कुठला शब्द कुठून आला ते कोणालाही ताडून बघता येईल.

आज लिहिलं काहीच नाही, साठच्या साठ चिठ्ठ्या नुसत्या वाचल्या. पाच शब्द सतत येतात: पुरळ, चट्टा, फोड, डाग, खपली. बोलताना यांचं काही अडत नाही. पण ‘चट्टा’ हाताला लागतो की नुसता दिसतो, हे चिठ्ठीवरून कळत नाही. सपाट असेल तर तो मॅक्यूल किंवा पॅच. बोटाला उंचवटा लागला आणि तो पसरट असला, तर प्लाक. म्हणजे पहिलाच निर्णय बोटाने घ्यायचा असतो आणि माझ्या हातात फक्त कागद आहे. ‘फोड’ तर त्याहून सैल. पाणी भरलेला, पू भरलेला आणि आत काहीच नसलेला घट्ट गोळा, तिघांनाही आपण फोडच म्हणतो. त्यांच्यासाठी मात्र व्हेसिकल किंवा बुला, पश्च्यूल आणि पॅप्यूल किंवा नोड्यूल असे वेगळे शब्द आहेत.

‘पुरळ’ हा शब्द नव्या बाजूला अजिबात येणार नाही. त्यातून कुठलीच संज्ञा निघत नाही.

५ जून

क्रमावर आज बराच वेळ गेला. मी आधी सवयीने सगळी विशेषणं पुढे आणि नाम शेवटी असं लिहिलं: ‘उजव्या कोपराच्या मागच्या बाजूवर एक ५ सेंमीचा ठळक कडेचा रुपेरी स्केल असलेला प्लाक’. मराठीत वाक्य असंच पडतं. पण आपण सपाट डागाबद्दल वाचतोय की पाण्याच्या फोडाबद्दल, हे वाचणाऱ्याला ओळ संपल्यावरच कळतं. शिवाय लिंगाचा घोळ होतो. मी ‘मोठा प्लाक’ लिहितो आणि माझी सहकारी ‘मोठं प्लाक’ लिहिते. पुढे चिठ्ठ्या शोधायच्या झाल्या तर हेच आडवं येईल.

म्हणून नाम पुढे घेतलं. आधी मूळ लिजनचं, म्हणजे त्वचेवरच्या बदलाचं नाव, मग स्वल्पविरामाने तोडलेले कप्पे: जागा, संख्या, मांडणी, आकारमान, रंग, आकार आणि कड, पृष्ठभाग. खाज, दुखणं, किती दिवस झाले, काय लावलं, हे सगळं खाली वेगळ्या ओळीत, कारण ते रुग्णाने सांगितलेलं असतं. वरच्या ओळीत फक्त डोळ्यांनी आणि बोटांनी कळलेलं.

मॅडमनी क्रम मान्य केला आणि एक गोष्ट वाढवली. “कप्पा रिकामा सोडू नकोस. तपासलं आणि आढळलं नाही, तर ‘नाही’ लिही. तपासलं की नाही तेच कळत नसेल, तर ‘नोंद नाही’ लिही. हे दोन्ही एकच समजलास, तर तू मूळ चिठ्ठीपेक्षा वाईट चिठ्ठी लिहिशील.” तेव्हा मला हे जरा जास्तच काटेकोर वाटलं.

९ जून

चिठ्ठी क्र. १७. मूळ मजकूर असा:

‘दोन्ही पायांवर गोल लाल चट्टे, खूप खाज, वर खपली. दोन महिने. मलम लावून फरक नाही.’

काल मी तिचं हे केलं होतं:

‘प्लाक, दोन्ही पाय, अनेक, सुटे, आकारमान नोंद नाही, लाल, वलयाकार, स्केल.’

वाचायला व्यवस्थित वाटलं आणि मी खूश होतो. आज त्याच रुग्णाचे फोटो आले, शिवाय तो फेरतपासणीला आला तेव्हा मॅडमनी मलाही बघायला बोलावलं. माझ्या ओळीतल्या आठ कप्प्यांपैकी तीन चुकीचे निघाले. त्यातल्या दोहोंत मी मूळ चिठ्ठीत नसलेली माहिती माझ्या मनाने भरली होती.

पहिली चूक ‘गोल’ची. मी त्याचं वलयाकार केलं, म्हणजे अ‍ॅन्युलर. त्यात बदल कडेला असतो आणि मधली त्वचा जवळजवळ मोकळी दिसते, बांगडीसारखी. प्रत्यक्षात रुग्णाच्या नडगीवर जे होतं ते नाण्यासारखं होतं, मध्यापासून कडेपर्यंत सारखं भरलेलं. त्याला डिस्कॉइड किंवा नुम्युलर म्हणतात. दोन्ही आकार गोलच, पण वाचणाऱ्याचं डोकं दोन वेगळ्या दिशांना जातं. वलय आणि कडेला स्केल वाचलं की कोणीही आधी बुरशीचा, म्हणजे नायट्याचा विचार करणार. भरलेलं नाणं, ओलसर पृष्ठभाग आणि खूप खाज वाचलं तर नुम्युलर एक्झिमाकडे वळणार. एका ठिकाणी बुरशीविरोधी औषध, दुसऱ्या ठिकाणी बहुधा स्टेरॉइड मलम. आणि नायट्यावर स्टेरॉइड लागलं तर कडेचा उंचवटा बसतो, स्केल कमी होतो, खाजही तात्पुरती थांबते आणि बुरशी मात्र पसरत राहते. मग त्या बदललेल्या रूपातून मूळ आजार ओळखणं फार अवघड होतं.

दुसरी चूक ‘खपली’ची. ही खास आपल्या भाषेतली अडचण आहे. डोक्यातून कोंड्यासारखं सुटतं तीही खपली आणि जखमेवर वाळून धरते तीही खपली. संज्ञा मात्र दोन आहेत. स्केल म्हणजे त्वचेचाच सर्वांत वरचा केराटिनचा थर, पापुद्र्यासारखा साठलेला. तो बहुतेक कोरडा असतो. क्रस्ट म्हणजे पाझरलेला द्रव, रक्त किंवा पू वाळून झालेला थर. तो मधासारखा पिवळा किंवा लालकाळा असतो आणि ओल लावून काढला तर खाली बहुतेक ओलसर, सोललेला पृष्ठभाग मिळतो. या रुग्णाच्या चट्ट्यांवर पिवळसर क्रस्ट होता आणि मी त्याला स्केल म्हटलं होतं. म्हणजे ओल्या आजाराला मी कागदावर कोरडं करून टाकलं.

तिसरी चूक जागेची. ‘पाय’ म्हणजे पाऊल की नडगी की मांडी? मी तो शब्द जसाच्या तसा उचलला आणि जागेचा कप्पा भरला असं समजलो.

आता ओळ अशी आहे:

‘प्लाक, दोन्ही नडग्यांची पुढची आणि बाहेरची बाजू, ५, उजवीकडे ३ व डावीकडे २, सुटे, विखुरलेले, २ ते ४ सेंमी, लालसर तपकिरी, डिस्कॉइड, मध्य भरलेला, कड बऱ्यापैकी स्पष्ट, पिवळसर क्रस्ट, काढल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी इरोजन, कडेला १ ते २ मिमीची थोडी व्हेसिकल.’

खाली वेगळी ओळ: ‘तीव्र खाज, दोन महिने, मलमाचं नाव नोंद नाही.’

मॅडमनी कडेवरून खरवड घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी करायला सांगितलं आणि ती निगेटिव्ह आली, म्हणजे बुरशी दिसली नाही. ओळ कितीही नेमकी असली, तरी अशा ठिकाणी खरवड घ्यायचीच, असं त्या म्हणाल्या.

मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं: फोटो आलेच नसते, तर १७ क्रमांकाची खरी प्रामाणिक ओळ कशी असती? ‘चट्टे, सपाट की उंच ते नोंद नाही, दोन्ही पाय, नेमका भाग नोंद नाही, एकाहून अधिक, मांडणी नोंद नाही, आकारमान नोंद नाही, लाल, गोल, मध्य भरलेला की मोकळा ते नोंद नाही, खपली, कोरडी की वाळलेल्या स्रावाची ते नोंद नाही.’ ओळ कुरूप दिसते, पण खरी आहे. आणि ती वाचणाऱ्याला रुग्ण समोर आल्यावर काय बघायचं ते आपोआप कळतं.

आज आधीच्या १६ चिठ्ठ्या पुन्हा उघडल्या. सहांमध्ये मी ‘गोल’चं वलयाकार केलं होतं. सहाही परत ‘गोल, मध्य नोंद नाही’ केल्या.

१० जून

जागेच्या शब्दांची छोटी यादी भिंतीवर लावली. पाय, हात आणि तोंड हे तीन शब्द नव्या बाजूला नुसते चालणार नाहीत. पाऊल, तळपाय, घोटा, नडगी, पोटरी, मांडी. तळहात, हाताची पाठ, मनगट, पुढचा हात, दंड. ‘तोंडावर’ म्हणजे बहुतेक चेहरा, पण चिठ्ठी क्र. ३१ मध्ये ‘तोंडाला फोड’ आहे आणि तिथे ओठ, गालाच्या आतली बाजू आणि हनुवटी तिन्ही शक्य आहेत. तिथे ‘नोंद नाही’.

१४ जून

मी आणि सहकारीने त्याच २० चिठ्ठ्या एकमेकांचं न बघता लिहिल्या. जागा आणि संख्या जवळपास जुळल्या. सगळ्यात जास्त फरक कुठे पडावा? पॅप्यूल आणि नोड्यूलमध्ये.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिने ज्या पुस्तकातून शिकलं त्यात सीमा ५ मिमीची होती, माझ्यात १ सेंमीची. म्हणजे ७ मिमीचा घट्ट उंचवटा तिच्या हिशेबाने नोड्यूल आणि माझ्या हिशेबाने पॅप्यूल. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आम्ही १ सेंमी धरायचं ठरवलं, कारण त्वचारोग संघटनांच्या आंतरराष्ट्रीय लीगच्या २०१६ च्या सुधारित परिभाषेत तीच सीमा आहे: १ सेंमीपर्यंत मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल आणि त्यापुढे पॅच, प्लाक किंवा नोड्यूल, बुला. प्लाक आणि नोड्यूल दोन्ही १ सेंमीच्या पुढचे, पण प्लाक पसरट असतो आणि नोड्यूलचं वजन बहुतेक खाली, त्वचेच्या खोल थरात असतं. चिमटीत धरून बघितल्याशिवाय ते ठरत नाही.

पण सीमा ठरवल्याने जुन्या चिठ्ठ्यांचा प्रश्न सुटत नाही. मूळ चिठ्ठीत कोणी ‘नोड्यूल’ लिहिलं असेल आणि माप दिलं नसेल, तर लिहिणाऱ्याची सीमा कुठली होती हे मला कळणार नाही. तिथे मूळ शब्द अवतरणात ठेवायचा आणि पुढे ‘माप नोंद नाही’. मापाचा आकडा असला तर संज्ञेचा वाद उरत नाही. ७ मिमी कोणत्याही पुस्तकात ७ मिमीच असतो. त्यामुळे आता आम्ही शब्दापेक्षा आकड्यावर जास्त जोर देतोय. जुन्या चिठ्ठ्यांत ‘वाटाण्याएवढा’, ‘नाण्याएवढा’ असं असतं. ते तसंच अवतरणात ठेवतो, त्याचा मिमीमध्ये अंदाज करत नाही.

१७ जून

‘लाल’ या शब्दाचा दिवस. ६० पैकी ४१ चिठ्ठ्यांत लाल आहे.

सहकारीने सरळ ‘एरिथेमॅटस’ लिहायला सुरुवात केली होती. मी थांबवलं आणि मग आम्ही बराच वेळ बोललो. एरिथेमा म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे आलेली लाली. रक्त वाहिन्यांच्या आतच असतं, म्हणून दाबलं की सरकतं आणि रंग फिका होतो. पर्प्युरात रक्त वाहिनीबाहेर त्वचेत सांडलेलं असतं. दाबलं तरी ते जागचं हलत नाही. दिसायला दोन्ही लाल. फरक कळायला काचेची स्लाइड त्वचेवर ठेवून दाबायची आणि काचेतून बघायचं, त्याला डायस्कोपी म्हणतात. म्हणजे ‘एरिथेमॅटस’ लिहिणं हे रंगाचं भाषांतर नाही, तो तपासणीचा निकाल आहे. चिठ्ठीत दाबून बघितल्याचा उल्लेख नसेल, तर तो शब्द मला वापरता येत नाही. ठरलं: ‘लाल, दाबून पाहिल्याची नोंद नाही.’

दुसरी गोष्ट गडद त्वचेची. तिथे सूज आणि लाली बऱ्याचदा लाल दिसतच नाही. जांभळट, करडी किंवा नुसती जास्त गडद दिसते. त्यामुळे ‘काळे चट्टे’ असं लिहिलेलं असलं, तर तो चालू आजार असू शकतो किंवा आजार बरा होऊन मागे राहिलेला रंगही. चालू असेल तर हाताला उंच किंवा गरम लागण्याची शक्यता जास्त, मागे राहिलेला रंग सपाट असतो. म्हणून रंगाच्या कप्प्यात आता दोन गोष्टी लिहायच्या: लिजनचा रंग आणि शेजारच्या निरोगी त्वचेचा रंग. नुसता पहिला लिहिला तर वाचणारा तो कशाशी तुलना करून बघणार?

‘पांढरा’चंही तसंच. रंगद्रव्य पूर्ण गेलेलं की कमी झालेलं, हे चिठ्ठीत नसलं तर मी ठरवत नाही.

२१ जून

चिठ्ठी क्र. ४४: ‘डाव्या घोट्यावर व्रण, ३ सेंमी.’

मी क्षणाचाही विचार न करता ‘अल्सर’ लिहिलं. वैद्यकीय मराठीत व्रण म्हणजे अल्सरच. पण संध्याकाळी जेवताना ‘लहानपणी पडलो त्याचा व्रण अजून कपाळावर आहे’ असं कोणीतरी बोललं आणि मी घास हातात धरून थांबलो. बोलीत व्रण म्हणजे राहिलेली खूण, वण, म्हणजे स्कार. उघडी जखम आणि भरून गेलेली जखम, एकाच शब्दात दोन्ही! चिठ्ठी कोणी लिहिली आणि कुठल्या अर्थाने, हे कळायला मार्ग नाही. स्राव, खोली, तळ यांचा काहीच उल्लेख नाही. ओळ बदलली: ‘‘व्रण’, उघडा की भरलेला ते नोंद नाही, डावा घोटा, आतली की बाहेरची बाजू नोंद नाही, १, ३ सेंमी, रंग, कड, तळ नोंद नाही.’

‘जखम’ लिहिलेल्या चिठ्ठ्याही पुन्हा काढल्या. इरोजनमध्ये फक्त वरचा थर, एपिडर्मिस, जातो आणि ते खूण न ठेवता भरतं. अल्सर त्याखालच्या डर्मिसमध्ये उतरतो आणि वण ठेवून भरतो. चिठ्ठी क्र. ५२ मध्ये ‘पाठीवर सोलल्यासारखं ओलं, कडेला पातळ पापुद्रा’ असं सुंदर लिहिलं आहे. कोणी लिहिलं माहीत नाही, पण एकही संज्ञा न वापरता त्या माणसाने मला हवं ते सगळं दिलंय. ही इरोजन आहेत आणि कडेला फुटलेल्या फोडाच्या आवरणाचे अवशेष असावेत. मोह झाला की ‘बुला’ लिहावं. लिहिलं नाही. फोड कोणी बघितलेला नाही. ‘इरोजन, पाठ, …, कडेला पातळ पापुद्रा, फुटलेल्या फोडाच्या आवरणाचा असू शकतो.’ जे दिसलं ते आणि जे मी त्यावरून काढलं ते, दोन्ही वेगळं दिसायला हवं.

२४ जून

थोडकंच. ‘गांधी’ हा शब्द तीन चिठ्ठ्यांत आहे आणि त्याचं व्हील करताना मला कुठेच अडलं नाही. आपल्या बोलीत इतका नेमका शब्द आहे याचा आनंद झाला. फक्त ‘तीन दिवसांपासून गांधी’ म्हणजे रोज नव्या उठतात की तीच एक गांध तीन दिवस टिकते, हे विचारायला हवं. साधी व्हील २४ तासांत जाते. टिकली आणि मागे डाग ठेवला, तर वाहिन्यांच्या दाहाचा विचार करावा लागतो. पेनाने एकीभोवती रेघ मारून दुसऱ्या दिवशी बघायला सांगायचं. खालच्या ओळीत कप्पा वाढवला: ‘एकेक लिजन किती वेळ टिकते’.

२८ जून

चिठ्ठी क्र. ५८. मूळ: ‘दोन्ही पायांवर लाल पुरळ, ॲलर्जी? पाच दिवस.’

माझी ओळ चार दिवसांपूर्वीची: ‘लिजन, सपाट की उंच ते नोंद नाही, दोन्ही पाय, नेमका भाग नोंद नाही, अनेक, मांडणी नोंद नाही, आकारमान नोंद नाही, लाल, दाबून पाहिल्याची नोंद नाही, कड नोंद नाही, पृष्ठभाग नोंद नाही.’ लिहिताना वाटलं होतं की या ओळीत काहीच उरलं नाही. ‘ॲलर्जी’ खाली, ‘पाठवणाऱ्याचा अंदाज’ म्हणून टाकलं होतं.

आज तो रुग्ण फेरतपासणीला आला आणि सहकारीने माझी ओळ समोर ठेवून त्याला बघितलं. ओळीत जिथे जिथे ‘नोंद नाही’ होतं, तिथे तिथे तिने एकेक गोष्ट तपासली. काच ठेवून दाबलं, रंग हलला नाही. बोट फिरवलं, बारीक उंचवटे लागले. मग तिने मला हाक मारली, “इकडे ये, हात लावून बघ.” खरंच लागत होते.

नवी ओळ तिने स्वतः लिहिली: ‘पर्प्युरा, हाताला लागणारा, दोन्ही नडग्या व घोटे, मांडीवर नाही, असंख्य, सुटे, खाली दाट व वर विरळ, २ ते ५ मिमी, गडद लाल ते जांभळट, शेजारची त्वचा मध्यम तपकिरी, दाबून फिका होत नाही, गोल, मध्य भरलेला, पृष्ठभाग गुळगुळीत, क्रस्ट नाही, इरोजन नाही.’

मॅडमनी ओळ वाचली आणि रुग्णाला बघायच्या आधीच लघवीची तपासणी लिहिली. हाताला लागणारा पर्प्युरा म्हणजे लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका, आणि तसं असेल तर मूत्रपिंडाकडे बघावंच लागतं. लघवीत रक्ताच्या पेशी निघाल्या. रुग्णाला आजच दाखल केलं.

३० जून

पहिली खेप संपली. सामान्य ओपीडीला द्यायच्या कोऱ्या चिठ्ठीचा मसुदा केला. त्यात कप्प्यांची नावं आमच्याच क्रमाने आहेत, पण संज्ञा एकही नाही. त्याऐवजी प्रश्न आहेत: हाताला लागतं का? दाबल्यावर फिकं होतं का? गोल असेल तर मध्य भरलेला की मोकळा? खपली कोरडी की वाळलेल्या पाण्याची? मापपट्टी ठेवून किती मिमी? संज्ञा आम्ही लावू. मॅडमनी ‘दाबल्यावर’च्या पुढे ‘काचेने’ हा शब्द घातला आणि छपाईला पाठवायला सांगितलं.